तीन समीकरणे, एकच खरे

जखम धुवायला वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि विहिरीच्या पाण्यात टाकतात ते जांभळे पोटॅशियम परमँगनेट, ही दोन्ही द्रव्ये आपल्या पाहण्यातली आहेत. पेरॉक्साइडच्या द्रावणात थोडे सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून वरून परमँगनेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले, तर जांभळा रंग नाहीसा होतो आणि बारीक बुडबुडे वर येऊ लागतात. ते बुडबुडे ऑक्सिजनचे असतात. परमँगनेटमधल्या मँगनीजचे जवळजवळ रंगहीन Mn²⁺ आयन होतात आणि जोडीला पाणी तयार होते.

आता हे समीकरणात लिहायचे. समीकरण संतुलित करणे म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे असणे, आणि आयन असतील तर विद्युत प्रभारही सारखा असणे. या कसोटीवर खालची तीन समीकरणे तपासून पाहा.

(अ) 2MnO₄⁻ + H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 3O₂ + 4H₂O

(आ) 2MnO₄⁻ + 3H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 4O₂ + 6H₂O

(इ) 2MnO₄⁻ + 5H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 5O₂ + 8H₂O

पहिल्यात ऑक्सिजनचे अणू दोन्हीकडे १०, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात १८. हायड्रोजनचे अनुक्रमे ८, १२ आणि १६. प्रभार सगळीकडे अधिक ४. म्हणजे तिन्ही समीकरणे संतुलित आहेत आणि अशी आणखी हवी तितकी लिहिता येतील. प्रत्यक्ष चंबूत मात्र दोन परमँगनेटला पाचच पेरॉक्साइड लागतात. खरे समीकरण (इ) आहे. अणू मोजून, प्रभार मोजून जे ठरत नाही, ते अर्ध-अभिक्रियांच्या पद्धतीने कसे ठरते, हे या लेखात पाहायचे आहे.

मोजणी कुठे अपुरी पडते

समीकरणात सहा पदार्थ आहेत, म्हणजे सहा सहगुणक शोधायचे आहेत. आपल्या हाती अटी चार: मँगनीज, ऑक्सिजन, हायड्रोजन आणि प्रभार. सहा अज्ञात आणि चार अटी असतील तर दोन गोष्टी मोकळ्या राहतात. त्यातली एक निरुपद्रवी आहे. सगळे आकडे दुप्पट केले तरी समीकरण तेच राहते. दुसरी मोकळीक मात्र खरी अडचण आहे, कारण तिच्यामुळे परमँगनेट आणि पेरॉक्साइड यांचे प्रमाणच निश्चित होत नाही.

ही मोकळीक येते कुठून, हेही सांगता येते. पेरॉक्साइड आपले आपणही विघटित होते:

2H₂O₂ → 2H₂O + O₂

हे समीकरण स्वतः संतुलित आहे. ते (अ) मध्ये एकदा मिळवले की (आ) मिळते, दोनदा मिळवले की (इ). संतुलित समीकरणात दुसरे संतुलित समीकरण मिळवले तर बेरीजही संतुलितच येणार. अंदाजाने आकडे बसवत गेलेला विद्यार्थी नेमका इथे फसतो. त्याची मोजणी जुळते, उत्तराबद्दल त्याची खात्री पटते आणि उत्तर चुकीचे असते.

सुटका हवी असेल तर अणूंच्या पलीकडे जाऊन या अभिक्रियेत मुळात काय घडते ते पाहावे लागते. घडतो तो इलेक्ट्रॉनांचा व्यवहार. परमँगनेट इलेक्ट्रॉन घेते. इलेक्ट्रॉन घेण्याला क्षपण म्हणतात. पेरॉक्साइड इलेक्ट्रॉन देते. देण्याला ऑक्सिडीकरण म्हणतात. दोन्ही क्रिया एकाच वेळी, एकाच चंबूत होतात, म्हणून अशा अभिक्रियेला रेडॉक्स अभिक्रिया हे जोडनाव मिळाले. अर्ध-अभिक्रियांची पद्धत हा व्यवहार फोडून दोन खात्यांत लिहिते: एकात फक्त घेणारा, दुसऱ्यात फक्त देणारा. खाती वेगळी पडली की कोणी किती घेतले आणि कोणी किती दिले, हे लपून राहत नाही.

पहिले खाते: परमँगनेट

सुरुवातीला फक्त मूळ रूप आणि अंतिम रूप लिहायचे.

MnO₄⁻ → Mn²⁺

मँगनीज दोन्हीकडे एकेक आहे, त्याला हात लावायची गरज नाही. डावीकडे ऑक्सिजनचे चार अणू आहेत, उजवीकडे एकही नाही. आम्लधर्मी माध्यमात कमी पडणारा ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने लिहायचा, म्हणून उजवीकडे चार रेणू पाणी.

MnO₄⁻ → Mn²⁺ + 4H₂O

आता उजवीकडे हायड्रोजनचे आठ अणू आले. आम्लात हायड्रोजन आयन भरपूर असतात, म्हणून ते डावीकडे लिहायचे.

MnO₄⁻ + 8H⁺ → Mn²⁺ + 4H₂O

अणू जुळले. राहिला प्रभार. डावीकडे उणे १ आणि अधिक ८ मिळून अधिक ७, उजवीकडे अधिक २. इलेक्ट्रॉनाचा प्रभार उणे १ असतो, म्हणून अधिक ७ चे अधिक २ व्हायला डावीकडे पाच इलेक्ट्रॉन हवेत.

MnO₄⁻ + 8H⁺ + 5e⁻ → Mn²⁺ + 4H₂O

इलेक्ट्रॉन डावीकडे आले याचा अर्थ परमँगनेटने ते घेतले. आकड्याची उलटतपासणीही करता येते. परमँगनेटमध्ये मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक अधिक ७ असतो आणि शेवटी तो अधिक २ होतो. फरक पाचचाच आहे.

पाणी आणि H⁺ घालण्याची ही पायरी पुष्कळदा नुसता नियम म्हणून पाठ केली जाते. पण तिच्यामागे चंबूतली वस्तुस्थिती आहे. मँगनीजला इलेक्ट्रॉन मिळत गेले की त्याच्याभोवतीचे चार ऑक्सिजन सुटतात. आम्लात सुटा ऑक्साइड आयन टिकूच शकत नाही. दोन H⁺ त्याला धरतात आणि पाणी होते. चार ऑक्सिजनला आठ H⁺ लागतात ते यामुळे. याच कारणासाठी आम्लधर्मी माध्यमाच्या समीकरणात OH⁻ लिहायचा नसतो. लिहिला तर अणू कदाचित जुळतील, पण आम्लात ज्याचे अस्तित्व नगण्य आहे असा आयन आपण कामाला लावलेला असेल.

दुसरे खाते: पेरॉक्साइड

H₂O₂ → O₂

इथे ऑक्सिजनचे अणू आधीच जुळलेले आहेत, त्यामुळे पाण्याची गरज नाही. डावीकडचे दोन हायड्रोजन उजवीकडे H⁺ म्हणून लिहायचे. मग उजवीकडे प्रभार अधिक २ होतो आणि डावीकडे शून्य असतो. तो जुळवायला उजवीकडे दोन इलेक्ट्रॉन.

H₂O₂ → O₂ + 2H⁺ + 2e⁻

इलेक्ट्रॉन उजवीकडे, म्हणजे पेरॉक्साइडने ते दिले. पेरॉक्साइडमध्ये प्रत्येक ऑक्सिजनचा ऑक्सिडीकरण अंक उणे १ असतो आणि ऑक्सिजन वायूत शून्य. दोन अणूंनी एकेक दिला, एकूण दोन.

इलेक्ट्रॉन चुकून डावीकडे लिहिले गेले तर लगेच कळते, कारण मग डावी बाजू उणे २ आणि उजवी अधिक २ अशी होते. प्रत्येक अर्ध-अभिक्रिया लिहून झाली की तिथल्या तिथे प्रभार तपासावा. दोन्हींची बेरीज करून झाल्यावर अशी चूक शोधायला दुप्पट वेळ लागतो.

बेरीज

परमँगनेट एका वेळी पाच इलेक्ट्रॉन घेते, पेरॉक्साइड दोन देते. द्रावणात मोकळे इलेक्ट्रॉन साठून राहत नाहीत, म्हणून दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन तंतोतंत सारखे असले पाहिजेत. पाच आणि दोनचा लसावि दहा. पहिली अर्ध-अभिक्रिया दोनाने गुणायची, दुसरी पाचाने. गुणताना नुसते इलेक्ट्रॉन गुणून चालत नाही. त्या ओळीतले प्रत्येक पद गुणावे लागते.

2MnO₄⁻ + 16H⁺ + 10e⁻ → 2Mn²⁺ + 8H₂O

5H₂O₂ → 5O₂ + 10H⁺ + 10e⁻

बेरीज करताना दोन्ही बाजूंचे दहा इलेक्ट्रॉन कटतात. अंतिम समीकरणात एकही इलेक्ट्रॉन उरता कामा नये. उरला तर गुणाकार चुकला आहे असे समजावे. H⁺ डावीकडे १६ आणि उजवीकडे १० आहेत, म्हणून डावीकडे ६ राहतात. ही वजाबाकी करायची राहिली तर समीकरण चुकत नाही, पण अर्धवट राहते.

2MnO₄⁻ + 5H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 5O₂ + 8H₂O

हे आपले समीकरण (इ). बाटल्यांमधल्या पदार्थांच्या नावाने लिहायचे तर सहा H⁺ तीन रेणू सल्फ्युरिक आम्लातून येतात, आणि अभिक्रियेत भाग न घेणारे पोटॅशियम व सल्फेट आयन दोन्ही बाजूंना मिळवावे लागतात.

2KMnO₄ + 5H₂O₂ + 3H₂SO₄ → K₂SO₄ + 2MnSO₄ + 5O₂ + 8H₂O

प्रभार तपासणे का महत्त्वाचे, ते दाखवणारे एक फसवे समीकरणही पाहू.

MnO₄⁻ + H₂O₂ + 6H⁺ → Mn²⁺ + O₂ + 4H₂O

यात मँगनीज जुळतो, ऑक्सिजन सहा-सहा आणि हायड्रोजन आठ-आठ आहेत. पण प्रभार डावीकडे अधिक ५ आणि उजवीकडे अधिक २ आहे. हा तीनचा फरक आला कुठून? एका परमँगनेटने पाच इलेक्ट्रॉन घेतले, एका पेरॉक्साइडने दोनच दिले. उरलेल्या तीन इलेक्ट्रॉनांना कोणी धनीच नाही, आणि नेमका तेवढाच प्रभार जुळत नाही.

जास्तीची अट कोणती होती

मग (अ) आणि (आ) यांचे काय? त्यांचा तर प्रभारही जुळत होता. ती बाद का झाली?

(अ) नीट पाहा. त्यात पेरॉक्साइडचा एकच रेणू आहे, म्हणजे त्याच्याकडे ऑक्सिजनचे दोनच अणू. उजवीकडे मात्र तीन रेणू ऑक्सिजन वायू, म्हणजे सहा अणू. जास्तीचे चार अणू परमँगनेटमधूनच यायला हवेत. परमँगनेटमधल्या ऑक्सिजनचा ऑक्सिडीकरण अंक उणे २ असतो. तो वायू होऊन सुटायचा तर प्रत्येक अणूला दोन इलेक्ट्रॉन सोडावे लागतील, चार अणूंचे आठ. पेरॉक्साइडचे दोन मिळवले की दहा. हिशेब जुळतो खरा, पण त्याचा अर्थ असा निघतो की परमँगनेटने दहापैकी आठ इलेक्ट्रॉन स्वतःच्याच ऑक्सिजनकडून घेतले.

आपण दुसरे खाते H₂O₂ → O₂ असे लिहिले, त्याच क्षणी ही शक्यता बंद केली. सुटणारा सगळा ऑक्सिजन वायू पेरॉक्साइडचा, आणि परमँगनेटचा सगळा ऑक्सिजन पाण्यात, असे आपण ठरवून टाकले. अंतिम समीकरणात ते दिसतेही: दोन परमँगनेटचे आठ ऑक्सिजन आठ रेणू पाण्यात आहेत, पाच पेरॉक्साइडचे दहा ऑक्सिजन पाच रेणू वायूत आहेत. चार अटींना ही पाचवी अट मिळाली आणि प्रमाण निश्चित झाले.

पण ही अट गणितातून आलेली नाही, ती रसायनाबद्दलचे विधान आहे. ते खरे की खोटे हे प्रयोगानेच ठरते. ऑक्सिजनचा ¹⁸O हा जड समस्थानिक वापरून पेरॉक्साइडमधले ऑक्सिजन अणू ओळखू येतील असे करता येतात. अशा खूण केलेल्या पेरॉक्साइडवर परमँगनेटची अभिक्रिया केली, तेव्हा बाहेर पडलेला ऑक्सिजन वायू पेरॉक्साइडमधलाच असल्याचे दिसले. आपली अर्ध-अभिक्रिया बरोबर ठरते ती या पुराव्यावर.

पद्धतीची मर्यादाही यातच आहे. कशापासून काय तयार होते हे तिला आधी सांगावे लागते. ते तिच्यातून शोधून काढता येत नाही. अभिक्रिया मुळात होईल की नाही, झाली तर किती वेगाने होईल, याबद्दलही ती काही सांगत नाही.

ब्युरेटचा निवाडा

तिन्ही समीकरणांचा निकाल साध्या टायट्रेशननेही लावता येतो. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅम, आणि एक मोल ३४ ग्रॅमचा असल्याने लिटरमागे सुमारे ०.८८ मोल. ते पाण्याने दहापट पातळ करून त्यातले १० मिलिलिटर पिपेटने चंबूत घेतले, तर त्यात सुमारे ०.८८ मिलिमोल पेरॉक्साइड असेल. सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालायचे आणि ब्युरेटमधून ०.०२ मोलर परमँगनेट सोडायचे.

(इ) खरे असेल तर परमँगनेट लागेल पेरॉक्साइडच्या दोन पंचमांश, म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमोल, ब्युरेटवर ते १७.६ मिलिलिटर. (आ) खरे असेल तर २९.४ मिलिलिटर. आणि (अ) खरे असेल तर ८८ मिलिलिटर, म्हणजे ५० मिलिलिटरची ब्युरेट एकदा रिकामी करून पुन्हा भरावी लागेल. प्रत्यक्षात फिकट गुलाबी छटा साडेसतराच्या आसपास येते आणि अर्धा मिनिट टिकते. परमँगनेट स्वतःच रंगीत असल्यामुळे इथे वेगळा दर्शक लागत नाही.

सुरुवातीचे थेंब मात्र गोंधळात टाकतात. त्यांचा रंग जायला वेळ लागतो आणि अभिक्रिया होतच नाही असे वाटते. तयार होणारे Mn²⁺ आयन याच अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतात. ते थोडे जमले की पुढचे थेंब पडता क्षणी रंगहीन होतात. पहिल्या थेंबाच्या रंगाला अंतिम बिंदू समजण्याची चूक इथेच होते.

आम्ल किती घालायचे? समीकरणाप्रमाणे एका परमँगनेटला तीन H⁺ पुरतात, म्हणजे आपल्या चंबूत जेमतेम एक मिलिमोल. पण साधारण एक मोलर सल्फ्युरिक आम्ल १० मिलिलिटर घातले तर त्याच्या दहापटीहून अधिक H⁺ मिळतात, आणि तेवढे हवेतच. H⁺ कमी पडू लागले की परमँगनेट वेगळी वाट धरते:

MnO₄⁻ + 4H⁺ + 3e⁻ → MnO₂ + 2H₂O

पाचाऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतले जातात आणि मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो. चंबूत तपकिरी छटा दिसली की ते वाचन टाकून द्यावे. एक तर दोनास पाच हे प्रमाण आता लागू नाही, शिवाय मँगनीज डायऑक्साइड पेरॉक्साइडचे विघटन घडवून आणतो, त्यामुळे मोजायचा पदार्थच उडून जातो. समीकरणावर लिहिलेले ‘आम्लधर्मी माध्यमात’ हे दोन शब्द असे थेट उत्तराला भिडतात.

आम्ल कोणते, यालाही महत्त्व आहे. हायड्रोक्लोरिक आम्लातल्या क्लोराइडचे परमँगनेट क्लोरीन करते आणि त्यात विनाकारण खर्च होते. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. सल्फ्युरिक आम्लाचा सल्फेट आयन या व्यवहारात पडत नाही. म्हणून अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत परमँगनेटच्या शेजारी सौम्य सल्फ्युरिक आम्लाचीच बाटली असते.

बाटलीत उरले किती

पेरॉक्साइडची ताकद औषधनिर्मितीत याच अभिक्रियेने मोजतात. ब्रिटिश फार्माकोपियात त्यासाठी दिलेला गुणक असा: ०.०२ मोलर परमँगनेटचा एक मिलिलिटर म्हणजे १.७०१ मिलिग्रॅम हायड्रोजन पेरॉक्साइड. तो आपल्याच समीकरणातून निघतो. एका मिलिलिटरमध्ये ०.०२ मिलिमोल परमँगनेट. त्याला अडीचपट, म्हणजे ०.०५ मिलिमोल पेरॉक्साइड, त्याला ३४.०१ ने गुणले की १.७०१.

समजा, वर्षभर उघडझाप झालेली ३ टक्क्यांची बाटली तपासायची आहे. तसेच दहापट पातळ केले, १० मिलिलिटर घेतले आणि ब्युरेटवर १७.६ ऐवजी १४.२ मिलिलिटर वाचन आले. १४.२ गुणिले १.७०१ म्हणजे सुमारे २४.२ मिलिग्रॅम पेरॉक्साइड. ते पातळ द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये, म्हणजेच मूळ द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये आहे. ताकद आली २.४ टक्के, पाचवा हिस्सा विघटित होऊन गेला. हाच हिशेब समीकरण (आ) धरून केला असता तर उत्तर १.४५ टक्के आले असते आणि निम्मी ताकद गेली असे समजून बाटली फेकून दिली गेली असती.